आता फक्त ओळखीचेच बघतात

ताईंचा फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या एका दंतवैद्याच्या दवाखान्यात बसून दाढेचा फोटो देखणा कसा करावा या विवंचनेत होते. माझं कामच तसलं आहे. छोट्या धंद्यांची सोशल मीडियाची अकाउंट मी सांभाळते. एक दंतवैद्य, एक जिम, एक मोदकवाल्या काकू आणि उलव्याच्या ताई. त्यातल्या ताई माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात लाडक्या.

"बाय, दुकानात येतंस का?" त्या म्हणाल्या. "आज पाचवा दिवस हाय, येक पन मेसेज नाय."

ताई शिवलेल्या नऊवारी विकतात. साडी आणायची, मापाप्रमाणे काष्टा, निऱ्या, ओचा सगळं शिवून तयार करायचं, बाईने फक्त पाय घालून नाडी बांधायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दोन मशिनींवर सुरुवात केली. आता पाच मशिनी होत्या आणि त्यांवर आजूबाजूच्या पाच बायका. जाणारंयेणारं गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच, कारण त्या रस्त्यावर अजून अर्ध्या इमारती रिकाम्या. नव्वद टक्के ऑर्डरी अकाउंटवरून यायच्या. पुण्याहून, नाशिकहून, एकदा तर दुबईहून. कुणीतरी अनोळखी बाई रील बघायची, मेसेज करायची, माप पाठवायची. ही अनोळखी बाई म्हणजेच ताईंचा धंदा.

गाळा मात्र ताईंचा एकटीचा नव्हता. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या त्याच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर कुटुंबाने इमारत बांधलेली, खाली तीन गाळे, आणि कारभार सगळा धाकट्या दिरांकडे. ताईंचे यजमान कुणाच्या अध्यात ना मध्यात. विमानतळ आल्यापासून दिरांना त्या गाळ्यात जागांच्या खरेदी-विक्रीचं ऑफिस काढायचं होतं. घरात बोलणी होऊन ठरलं होतं की गणपती होईस्तोवर ताईंनी चालवावं. धंदा उभा दिसला तर गाळा त्यांच्याकडे राहील, नाहीतर दसऱ्याला ऑफिसचं उद्घाटन. दीर तसे वाईट नव्हते. त्यांना फक्त रिकामं दुकान बघवत नव्हतं.

मी दवाखान्यातून उठले आणि रिक्षा पकडली. मनात म्हटलं, पाच दिवस मेसेज नाहीत यात काय एवढं, होतं असं. तीन आठवडे मी हेच म्हणत होते. रीच, म्हणजे किती जणांना रील दिसते तो आकडा, कमी होतोय हे मला दिसत होतं आणि मी ताईंना सांगत होते, होतं कमी-जास्त, आपण रोज टाकत राहू. जिमवाल्याचं नवीन काम घेतलेलं, त्याच्या दंडांच्या रील कापण्यात माझा दिवस जायचा. नीट बसून बघायला वेळ काढला नाही, ही साधी गोष्ट.

दुकानात गेले तर पाचही मशिनी बंद. बायका पंख्याखाली बसून हुकं-बटणं निवडत होत्या, म्हणजे काम नसताना करतात ते काम. दीरही आलेले. दारात उभे राहून ते गाळ्याची रुंदी डोळ्यांनी मापत होते, निदान मला तरी तसं वाटलं.

"आषाढ हाय," ते मला म्हणाले. "आषाढात कोन नऊवारी घेनार? तुमी उगाच टेन्शन घेताव."

मशीनवरच्या एका बाईचं म्हणणं होतं की नजर लागली. दाराला लिंबू-मिरची नवी दिसत होती. दुसरीने ठामपणे सांगितलं की कंपनीवाले आता पैसे दिल्याशिवाय कुणाला दाखवतच नाहीत. या तिसऱ्या मताकडे माझाही कल होता, कारण त्यात माझी काही चूक निघत नव्हती.

मी ताईंचा फोन घेतला आणि कापायच्या टेबलावर, साड्यांच्या काठांमध्ये, बसले. चिडचिड झाली की मी वहीत रेघा मारून लिहिते. पहिला प्रश्न लिहिला, नक्की काय पडलंय?

सगळं पडलं असतं तर दिरांचं खरं मानावं लागलं असतं. पण सगळं पडलं नव्हतं. ताई रोज सकाळी दुकान उघडल्याची स्टोरी टाकायच्या. ती बघणारी माणसं महिन्यापूर्वी जेवढी होती तेवढीच आजही होती. आधीपासून फॉलो करणारे लोक ताईंना विसरले नव्हते. मग मी रील उघडल्या आणि प्रत्येकीच्या खाली बघणाऱ्यांत फॉलो करणारे किती आणि न करणारे किती हे बघत गेले. मे महिन्यातल्या रीलला दहातले आठ जण अनोळखी. जूनच्या मध्यापर्यंत तसंच. आणि मग एका मंगळवारपासून अनोळखी जवळजवळ शून्य. हळूहळू उतरलेलं नाही. काल होते, आज नाहीत.

"ताई, आषाढ एका मंगळवारी दुपारी सुरू होत नाही," मी दिरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "आणि श्रावणातल्या मंगळागौरीच्या ऑर्डरी येतात कधी?"

"आत्ताच तं येतात," ताई म्हणाल्या. "शिवायला तीन आठवडे लागतात ना. गेल्या वर्साला या टायमाला मी चार ग्रुप घेतलेले, येकेका ग्रुपात बारा-बारा बायका."

म्हणजे मागणी होती. बायका कुठेतरी नऊवारी शोधत होत्या आणि त्यांना ताई दिसत नव्हत्या. दीर दारातच उभे राहिले.

मग मी एकेक शक्यता खोडत गेले. माझ्या फोनवरून ताईंचं नाव शोधलं तर अकाउंट लगेच आलं, म्हणजे लपवलेलं नव्हतं. नाव किंवा प्रकार बदलला होता का? नाही. लाईक वाढवून देणारं कुठलं अ‍ॅप कुणी जोडलं होतं का? ताईंनी शपथ घेतली. मागच्याच आठवड्यात मी एका रीलला जाहिरातीचे थोडे पैसे लावले होते, ते संपेपर्यंत माणसं आली आणि संपल्या क्षणी पुन्हा शुकशुकाट. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. विकत आणलेली माणसं येत होती, आपणहून येणारी थांबली होती. याचा अर्थ अ‍ॅपने ताईंना नव्या लोकांपुढे आपल्या हाताने ठेवणं बंद केलं होतं.

शेवटी मी सेटिंगमधल्या त्या पानावर गेले जिथे अकाउंटची तब्येत लिहिलेली असते. दर आठवड्याला ते बघणं माझं काम. मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवेना. तिथे पिवळी खूण होती. खाली लिहिलेलं की या अकाउंटवर दुसऱ्यांनी बनवलेले व्हिडिओ वारंवार टाकले गेले आहेत, म्हणून जे फॉलो करत नाहीत अशांना हे अकाउंट सुचवलं जाणार नाही. त्याखाली त्या व्हिडिओंची यादी.

"ताई, असं काही आलं होतं का तुमच्या फोनवर?"

ताईंनी पान बघितलं. "आलेलं. विंग्रजीत लय मोठं होतं. मी ओके केलं."

यादीत बारा व्हिडिओ होते आणि बाराही लग्नांचे. एप्रिल, मे, जून. ताईंच्या नऊवारी नेसलेल्या नवऱ्या, करवल्या, हळदीत नाचणाऱ्या काक्या-माम्या. सुंदर व्हिडिओ, ड्रोन उडवलेले, गाणी लावलेली, आणि कोपऱ्यात प्रत्येक फोटोग्राफरचं नाव. फोटोग्राफरने आधी आपल्या अकाउंटवर टाकलेले, मग नवरीने, मग ताईंनी. अ‍ॅपला कळतं, हा व्हिडिओ इथला नाही.

मी जरा आवाज चढवूनच विचारलं, "हे कशाला टाकलेत? तुमच्या दुकानाचं काय आहे यात?"

ताई ओशाळल्या. "पयला माज्या भाचीचा टाकला. मंग माज्या नणंदेची पोर बोलली, तिचा टाकलास, माजा का नाय? मंग तिच्या सासरची. येकीचा मान केला आन दुसरीचा नाय केला तं भावकीत तोंड दाखवायची सोय नाय, बाय. लग्नात पान-सुपारी देताना येक घर सुटलं तं वीस वर्सं बोलतात."

मला हसू आलं आणि लगेच मावळलं. एखाद्या कंपनीने हा नियम कितीही विचार करून बनवला असेल, पण एका आगरी वहिनीला बारा घरांचा मानपान अकाउंटवरच सांभाळावा लागतो हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. तरी नियम चुकीचा नव्हता. दुसऱ्याचे व्हिडिओ उचलून पानं भरणाऱ्यांना आवरायला तो केलेला. आमच्या ताई त्यात सापडल्या.

यादीत शेवटचा व्हिडिओ दिरांच्या मुलीचा. सीझनचं शेवटचं लग्न, कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्या घरात दिलेली. तो ताईंनी एकदा नव्हे, तीनदा टाकला होता. शेवटचा तीनच दिवसांपूर्वी.

"भावजी बोलले, माज्या पोरीच्या व्हिडिओला येवढेसेच व्ह्यू कसे?" ताई हळू आवाजात म्हणाल्या. "म्हनून परत टाकला."

दीर तोपर्यंत गेले होते. बरं झालं.

आणि मग मला दुसरी एक गोष्ट आठवली. एप्रिलच्या सुरुवातीला मी ताईंना एक मेसेज पाठवला होता. मी वर सरकवत सरकवत तो शोधला. "ताई, आता सीझन आहे, दिवसाला एक रील गेलीच पाहिजे. काहीही टाका, पण खंड पडू देऊ नका." काहीही टाका. हे मीच लिहिलं होतं. एक बाई, पाच मशिनी, सीझनची गर्दी, ती रोज नवीन रील आणणार कुठून? तिच्याकडे लग्नांचे तयार व्हिडिओ होते, तिने तेच टाकले. त्यावर मी प्रत्येकाला लाईकचा बदामही दिला होता.

मी मेसेज बंद केला आणि ताईंना म्हणाले, "नियम हल्ली कडक झालेत."

एवढंच म्हणाले. माझ्याकडून झालेल्या चुका मी पटकन कबूल करते अशी माझी स्वतःबद्दल समजूत होती. त्या दुपारी ती गेली.

दोनच रस्ते होते आणि ते मी ताईंना नीट समजावले. एक म्हणजे काहीच न काढता थांबायचं. दुसऱ्याचं काही टाकायचं नाही, आणि शेवटच्या व्हिडिओपासून महिनाभर वाट बघायची, मग अडकाव सुटण्याची शक्यता. पण महिना म्हणजे श्रावण उजाडला, मंगळागौरीच्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्या आणि दिरांचं ऑफिस आलं. दुसरा रस्ता म्हणजे यादीतले बाराही व्हिडिओ काढायचे आणि पुन्हा तपासा म्हणून विनंती करायची. ती मान्य होईलच असं मी छातीठोक सांगू शकत नव्हते.

"काढू मग," मी म्हणाले आणि फोनकडे हात नेला.

ताईंनी फोन उचलून पदराखाली घेतला. "असं नाय काडायचं. इचारून काडायचं."

मी डोक्याला हात लावला. पण त्या ऐकेनात. पुढचा आठवडाभर त्यांनी अकरा घरांना फोन केले, दोन घरी साखर घेऊन जातीने गेल्या, तेव्हा मीही बरोबर होते. प्रत्येकीला तेच समजावलं. व्हिडिओ काढते, पण तू तुझ्या अकाउंटवरून टाक, मला टॅग करून जोड, मी तो माझ्या स्टोरीत फिरवीन, दिवसभर सगळ्यांना दिसेल. ही युक्ती माझी. दुसऱ्याची पोस्ट त्याच्याच नावासकट स्टोरीत दाखवणं वेगळं, ती आपली म्हणून छापणं वेगळं. एका आत्याबाईंनी फोनवर अर्धा तास ऐकवलं आणि मग हो म्हणाल्या. मी एकेक व्हिडिओ काढत गेले. या आठवड्यात एकही ऑर्डर आली नाही. शनिवारी मशिनीवरच्या दोघींनी ताईंना विचारलं, सोमवारी येऊ का? ताईंनी या म्हटलं, पण त्यांचा आवाज मला ऐकवला नाही.

अकरा व्हिडिओ निघाले, आणि दिरांच्या मुलीच्या व्हिडिओच्या नंतर टाकलेल्या दोन प्रतीही. पिवळी खूण तशीच. यादीत आता एकच नाव.

रविवारी सकाळी आम्ही दिरांच्या घरी गेलो, वरच्याच मजल्यावर. जिन्यात ताईंनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "तू बोलू नको. मी बोलतंय."

दीर सोफ्यावर, समोर मासळीची पिशवी घेऊन त्यांची बायको, म्हणजे ताईंच्या जाऊबाई. मुलगीही माहेरी आलेली, पण ती आंघोळीला गेली होती. ताईंनी सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, माझ्याहून चांगलं. शेवटी म्हणाल्या, "येवडा येक काडावा लागंल, भावजी. तुमी हा बोललाव तं."

दिरांचा चेहरा लाल झाला. "म्हंजे माज्या पोरीच्या लग्नानं तुमचं दुकान बुडालं?"

"तसं नाय भावजी..."

"सगल्या भावकीनं तो व्हिडिओ पायला. उद्या लोक इचारतील, का काडला? काय झालं पोरीचं? सासरचे काय बोलतील?" ते उठून उभे राहिले. "वयनी, दुकानाच्या अकाउंटवर लग्नं टाकायची अक्कल तुमाला दिली कोनी?"

ताई खाली बघून म्हणाल्या, "माजीच. माजीच चूक झाली."

त्यांनी मला बोलू नको सांगितलं होतं. मला गप्प बसायला ते कारण पुरलं असतं. पण समोर एक पन्नाशीची बाई आपल्या दिरापुढे माझी चूक आपल्या पदरात घेत होती, आणि ती माझी आहे हे तिला माहीतही नव्हतं.

"त्यांची नाही, माझी," मी म्हणाले. "मी त्यांना लिहून पाठवलं होतं, काहीही टाका पण रोज टाका. दर आठवड्याला तपासायचं काम माझं होतं, ते मी तीन आठवडे केलं नाही. हे मला आठ दिवसांपूर्वी कळलं आणि मी त्यांनाही सांगितलं नाही."

ताईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत वळवली. दीर मला काहीतरी जोरदार ऐकवणार होते, पण बाहेरच्या बाईला काय बोलायचं हे त्यांना सुचेना. ते चप्पल घालून गच्चीवर निघून गेले.

जाऊबाईंनी हात धुतले, पुसले, आणि आपला फोन आणला. तो व्हिडिओ त्यांनी इतक्या झटक्यात उघडला की दिवसातून किती वेळा बघत असतील ते सांगायलाच नको. पण व्हिडिओ न बघता त्या खाली सरकवत गेल्या. खाली कौतुकाच्या ओळी होत्या, दीडेकशे तरी. फुलं, बदाम, लय भारी, अखंड सौभाग्यवती भव. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "सुकी ऱ्हा बाय. मामा."

"माजा भाव," त्या म्हणाल्या. "आईच्या जमिनीवरून भांडान झालं तवापासून सात वर्सं बोलत नाय. लग्नाला आला नाय. पन हितं लिवलं. व्हिडिओ काडला तं ह्ये बी जानार ना?"

जाणार होतं. मी म्हटलं, "मी त्याचा फोटो काढून देते, कायम राहील."

"फोटोत ऱ्हाईल तं मीच बगनार. हितं तं त्यानं चारचौघात लिवलंय."

कुठल्याच सेटिंगमध्ये याची सोय नव्हती. ताई जावेजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊं दे. नको काडायला. महिनाभर थांबू. जे व्हईल ते व्हईल." ताई खरंच तसं म्हणत होत्या. गाळा हातचा जाऊ द्यायला त्या तयार झाल्या होत्या.

आतून मुलगी केस पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. "आई," ती म्हणाली, "तो मामानी लिवलेला बघून मी त्याला फोन केलेला. तुला नाय सांगितला, बाबा वरडतील म्हनून. तो गौरीला येतो बोलला."

जाऊबाईंनी ताईंकडे हात पुढे केला. "आना तुमचा फोन." ताईंनी दिला. कुठे दाबायचं ते मी दाखवलं. अ‍ॅपने विचारलं, नक्की काढायचं? जाऊबाईंनी वाचलं, आमच्या तिघींकडे एकदा पाहिलं आणि दाबलं. मग त्या मासळीकडे वळल्या आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ खवलं काढत बसल्या.

त्याच जागी बसून मी विनंती पाठवली. पुढचे तीन दिवस फार वाईट गेले. मी तासातासाला ते पान उघडायचे, दंतवैद्याला उत्तरं उलटीसुलटी द्यायचे. ताईंचा फोन नाही. मी केला तर कामापुरतं बोलायच्या. तरी आम्ही पुढचं काम सुरू केलं, कारण अडकाव सुटला आणि दाखवायला काही नसलं तर काय उपयोग? रोज एक हा माझा हट्ट मी सोडला. आठवड्याला तीन रील, तिन्ही दुकानातल्या, ताईंच्या फोनवर, ताईंच्या आवाजात. पहिली रील काष्टा का सुटतो आणि तो सुटू नये म्हणून टाके कुठे घालायचे याची. दुसरी, जाड बाईला माप कसं घ्यायचं, कारण हा प्रश्न मेसेजमध्ये सगळ्यात जास्त यायचा आणि विचारताना बायका लाजायच्या. तिसरीत बारा जणींचा एक संच कापताना काठ कसे जुळवतात ते. ताई कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा अडखळल्या, मग मशीनवरच्या बाईला रागावता रागावता विसरल्या की चित्रण चालू आहे, आणि तोच भाग आम्ही ठेवला. जाहिरातीचे पैसे लावायचे नाहीत. रोजचे आकडे बघायचे नाहीत. आठवड्यातून एकदा एकच आकडा बघायचा, अनोळखी किती आले.

चौथ्या दिवशी दुपारी खूण हिरवी झाली. मी ताईंना फोन केला तेव्हा रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाय," आणि मागे कुणाला तरी सांगितलं, "मशिनी पुसून ठेवा."

आकडे लगेच उसळले नाहीत. हे मी ताईंना आधीच सांगून ठेवलं होतं. अ‍ॅप पुन्हा थोड्या अनोळखी माणसांना दाखवतं, ती थांबली, बघत राहिली, तर आणखी थोड्यांना. पहिल्या आठवड्यात दहातले दोन अनोळखी. दुसऱ्या आठवड्यात जाड बाईच्या मापाची रील कुणीतरी आपल्या मैत्रिणींना पाठवली, त्यांनी त्यांच्या, आणि ती धावली. डोंबिवलीचा एक मंगळागौरीचा ग्रुप आला, मग सातारचा, मग कुणी आपल्या तीन नणंदांसकट. गेल्या वर्षीइतकं झालं नाही. बिनऑर्डरीचे दोन आठवडे गेले ते गेलेच. पण पाचही मशिनी चालू होत्या, आणि श्रावणात ताईंना सहावी बाई बसवावी लागली.

गणपती विसर्जनानंतर दीर गाळ्यात आले. मी तिथेच होते, हिशेबाने नव्हे, सहज. त्यांनी मशिनी मोजल्या, काठांच्या ढिगातून वाट काढत आत गेले, बाहेर आले. "ऑफिस बाजूच्या गाल्यात काडतंय," ते वहिनींना म्हणाले. "तुमी च्या पाठवत जा." एवढ्यावर विषय मिटला.

ते गेल्यावर मी ताईंकडे बघून हसले. ताईही हसल्या. मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि समोर चहा ठेवला.

"बाय, तू भावजींच्या समोर खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोनी बोलली नसती. त्याचं मला लय वाटलं."

मी काहीतरी म्हणायला गेले.

"पन माज्यासमोर आट दिवस गप ऱ्हायलीस. मी अकरा घरं माफी मागत फिरले. दोन घरी तू माज्या बाजूला उभी होतीस." त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला जमलं असतं, मला भांडता येतं. "आता ते पान कुटं असतं मला म्हाईत झालंय. रील पन मला करता येते. पासवर्ड मला लिवून दे, आन तुज्या फोनातून काडून टाक."

त्यांनी मापांची वही पुढे सरकवली. शेवटच्या पानावर मी पासवर्ड लिहिला, मोठ्या अक्षरात, वाचायला चुकू नये म्हणून. मग माझ्या फोनवरून अकाउंट काढलं आणि त्यांना दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, मान हलवली आणि म्हणाल्या, चहा घे, निवतोय.